आजोबांनी फ्लॅट कितीला घेतला होता?

समजा, रायपूरमध्ये आजोबांनी 1988 साली फ्लॅट घेतला. त्यांच्यामागे तो वडिलांकडे आला, वडील 2015 साली गेल्यावर नातवाकडे. आता डिसेंबर 2025 मध्ये तो 45 लाखांना विकला. विकणाऱ्याने स्वतः एक पैसाही मोजलेला नाही, आणि आजोबांनी किती मोजले हे सांगणारे घरात कुणी उरलेले नाही. मग नफा किती धरायचा?

बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते असे: वडील गेले त्या दिवशीची किंमत धरावी. अमेरिकेत साधारण तसेच चालते, पण तिथे मोठ्या वारशावर वेगळा कर असतो. आपल्याकडे तो कर 1985 साली उठला, आणि आयकर कायदा मृत्यूच्या तारखेला काही किंमतच देत नाही. तो वारसाहक्काच्या पायऱ्या उतरत मागे जातो आणि ज्याने खरोखर पैसे मोजले त्या माणसापाशीच थांबतो. वडिलांना फ्लॅट वारशाने मिळाला, म्हणून त्यांना ओलांडून थेट आजोबा. त्यांचा खर्च तो नातवाचा खर्च, त्यांचा ताबा तो नातवाचा ताबा!

तो खर्चच ठरवता येत नसेल तर? 1961 च्या कायद्याचे कलम 55(3) सांगते की अशा वेळी आजोबांच्या हाती मालमत्ता आली त्या दिवशीचा बाजारभाव धरावा. शिवाय मालमत्ता 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल, तर त्या दिवसाचा बाजारभाव घेण्याची मुभा आहे. म्हणजे 1988 चा हरवलेला आकडा शोधण्याची गरजच उरत नाही. रायपूरकरांसाठी ही तारीख विलक्षण आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड जन्मले आणि रायपूर राजधानी झाले. कायदा भाव विचारतो तो त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी.

इथे एक कुंपण आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर घर-जमिनीचा हा 2001 चा भाव त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. महाराष्ट्रात आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो, त्याला रायपुरात गाइडलाइन दर म्हणतात. उदाहरणापुरते धरू की मूल्यांकनकाराने 2001 चा भाव 7 लाख काढला, पण गाइडलाइनप्रमाणे तो 6 लाख येतो. धरायचे 6 लाखच. ते मूल्य उपलब्धच नसेल, तर मात्र मूल्यांकनकाराच्या अहवालावर भिस्त.

आता गणित. सरळ वजाबाकी केली तर नफा 39 लाख, त्यावर 12.5 टक्के, म्हणजे 4,87,500 रुपये. दुसरी वाट महागाई निर्देशांकाची. 2001-02 चा निर्देशांक 100, 2025-26 चा 376. सहा लाखांचे झाले 22.56 लाख. नफा 22.44 लाख, त्यावर 20 टक्के, म्हणजे 4,48,800 रुपये. जुलै 2024 च्या बदलानंतरही, 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला यातला कमी आकडा भरता येतो. वर 4 टक्के उपकर. अर्धा हिस्सा परदेशी स्थायिक बहिणीचा असेल, तर तिला फक्त पहिली वाट. एकच फ्लॅट, सारखे हिस्से, आणि कर वेगळा!

निर्देशांक नेहमीच फायद्याचा ठरतो असेही नाही. वरचे आकडे उलगडून पाहिले तर कळते की विक्रीची किंमत 2001 च्या भावाच्या सुमारे 8.36 पट होईपर्यंतच 20 टक्क्यांची वाट स्वस्त पडते. आपल्या उदाहरणात ती साडेसात पट आहे. फ्लॅट 55 लाखांना गेला असता तर 12.5 टक्केच बरे.

निर्देशांक कुठल्या वर्षापासून मोजायचा, यावर मात्र मोठा वाद झाला. कायद्याची भाषा शब्दशः घेतली तर नातवाचे पहिले वर्ष 2015-16. तेव्हाचा निर्देशांक 254, आणि सहा लाखांचे नऊ लाखही होत नाहीत. मुलीने आईला बक्षीस दिलेल्या फ्लॅटच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2011 साली निकाल दिला की ताबा आधीच्या मालकापासून धरता, तर निर्देशांकही तिथूनच धरा. दिल्ली उच्च न्यायालयानेही पुढे हेच मानले. एवढ्या एका निकालाने आपल्या नातवाचा खर्च अडीच पट होतो. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत न्याय्य विचार वाटतो.

आजोबांनी फ्लॅट 2001 नंतर घेतला असेल, तर 2001 चा भाव धरण्याची सवलत नाही, आणि तिथे सावध राहायला हवे. कागद हरवला म्हणजे किंमत ठरवता येत नाही असे होत नाही. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत पंजीयन कार्यालयातून मिळते. गृहनिर्माण मंडळाचे वाटपपत्र किंवा बँकेच्या कर्जाचे कागदही किंमत सांगतात. ती मिळण्यासारखी असताना बाजारभाव धरला, तर तपासणीत तो टिकणे कठीण.

तेव्हा सौद्याची बोलणी सुरू होण्याआधीच पंजीयन कार्यालयात जा. जुन्या खरेदीखताची आणि 2001-02 च्या गाइडलाइनमधल्या आपल्या भागाच्या पानाची प्रत मागा, आणि नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल विवरणपत्र भरण्यापूर्वी हातात ठेवा.