नाव नवं, खातं जुनंच

घरगुती लोणच्यांच्या व्यवसायाचं नाव बदललं, तरी इन्स्टाग्रामवर नवं खातं उघडू नये. जुन्याच खात्याचं युझरनेम बदलावं. फॉलोअर्स आणि पोस्ट जागच्या जागी राहतात. तुटतात त्या पाकिटांवर छापलेल्या जुन्या लिंका.

वेबसाइटचं काम जास्त जिकिरीचं. जुन्या डोमेनवरचं प्रत्येक पान ३०१ रीडायरेक्टने नव्या डोमेनवरच्या त्याच पानाकडे वळवावं लागतं. कैरीचं लोणचं शोधणारा कैरीच्याच पानावर पोचला पाहिजे. सगळी पानं सरसकट होमपेजकडे वळवली, तर गूगल ती नसल्यातच जमा करू शकतं. मग सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचं कळवावं. जुनं डोमेन निदान वर्षभर, खरं तर कायमच, स्वतःकडे ठेवावं. ते सुटलं की रीडायरेक्टही बंद पडतं आणि ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.