आई रडते, वडील राबतात, शोक दोघांचाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सास्तूरसह धाराशिव जिल्ह्यातील अनेक गावे उद्ध्वस्त केली. अशा आपत्तीत एकाच घरातली माणसे वेगवेगळी वागतात. समजा, मूल गमावलेली आई त्याचा सदरा उराशी धरून बसते. वडील मात्र पत्रे आणि पंचनाम्याच्या कागदांसाठी दिवसभर धावतात. ‘यांना काहीच वाटत नाही,’ असे आईला वाटते.

समुपदेशन शिकणारा विद्यार्थीही इथेच अडतो. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे पाच टप्पे तो दोघांत शोधतो. पण १९६९ साली त्यांनी हे टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचे ते वेळापत्रक नव्हे.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेले दुहेरी प्रक्रियेचे प्रारूप इथे जास्त उपयोगी पडते. शोकातला माणूस कधी आठवणीत बुडतो, तर कधी उरलेल्या संसाराच्या कामात गुंततो. या दोन टोकांमधल्या झोक्यातूनच तो सावरतो. आई एका टोकाला आहे, वडील दुसऱ्या.

म्हणून वडिलांना रडायला लावू नये आणि आईला ‘आता पुरे’ म्हणू नये. झोका हलतो का, एवढे पाहावे. एखाद्या दिवशी आईने चूल पेटवली, पत्रे ठोकताना वडिलांनी मुलाचे नाव काढले, तर तो हलतो आहे. सहा महिने उलटूनही, समाजाच्या रीतीपलीकडे, तीच तीव्र ओढ रोजचे जगणे ठप्प करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.