एक बॅच, अनेक टप्पे

दहावीच्या १९९० च्या बॅचचा स्नेहमेळावा भरतो तेव्हा सगळे पन्नाशीपुढचे असतात. पण एकीच्या मांडीवर नातू, तर दुसऱ्याची मुलगी अजून पाचवीत. लग्न, मुले, निवृत्ती यांची वये समाज मनात ठरवून ठेवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन यांनी त्याला सामाजिक घड्याळ म्हटले. भाषण बहुधा इथेच फसते. ‘आता आपण सगळे जबाबदाऱ्यांतून मोकळे झालो’ असे म्हटले, की उशिरा मूल झालेला, अविवाहित राहिलेली आणि अजून घराचे हप्ते फेडणारा, तिघेही एका वाक्यात बाहेर पडतात. हुद्द्यांची यादी वाचणे तर त्याहून वाईट. जाणता वक्ता ‘आपण सगळे’ हे शब्द हजेरी, छडी, डबा अशा वर्गातल्या आठवणींपुरतेच ठेवतो. आजचे ज्याचे त्याला सांगू देतो.