सहा किलोंची कुंडी आणि छापलेला ब्रॅकेट

थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेला ब्रॅकेट सहसा मधोमध मोडत नाही. तो मोडतो भिंतीजवळ, आडवा दांडा उभ्या पट्टीला जिथे मिळतो तिथे. दांड्याच्या टोकाला वजन टांगले की दांडा खाली वाकू पाहतो. त्यामुळे त्याचा वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मधला भाग जवळजवळ निवांत राहतो. प्लास्टिकला दाबाची फारशी भीती नसते. चीर पडते ती ताणाच्या बाजूला, म्हणजे दांडा आणि पट्टी यांच्यातल्या वरच्या कोपऱ्यात. ब्रॅकेटचा आकार, तो प्रिंटरवर कसा ठेवायचा आणि त्याला किती भिंती द्यायच्या, हे सगळे या एका जागेकडे पाहून ठरवावे लागते.

बाल्कनीत कुंडी टांगण्याचा ब्रॅकेट हे याचे चांगले उदाहरण. कुंडी कोरडी असताना हलकी वाटते, पण हिशेब पाणी घातल्यानंतरच्या वजनाचा करायचा. हे वजन 6 किलो धरू. कुंडी भिंतीला घासू नये म्हणून ती भिंतीपासून 15 सेंटिमीटर लांब टांगायची आहे. दांडा 20 मिलिमीटर रुंद आणि मुळाशी तेवढाच उंच, शिवाय आतून पूर्ण भरीव असेल, तर त्याच्या वरच्या पृष्ठभागावर सुमारे 6.8 मेगापास्कल ताण येतो. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण 100 ग्रॅमचा ओढा. दांड्याची मुळाशी उंची दुप्पट, म्हणजे 40 मिलिमीटर केली, तर हाच ताण 1.7 मेगापास्कलवर येतो. उंची दुप्पट केल्यावर ताण निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो. रुंदी दुप्पट केली असती तर तो फक्त निम्मा झाला असता. म्हणून दांडा जाड करायचा तर उंचीत करावा. टोकाकडे तो निमुळता झाला तरी बिघडत नाही, कारण तिकडे वाकवणारा जोरही कमी होत जातो.

आता हा ताण कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न. बाल्कनीसाठी योग्य असलेल्या एएसए या प्लास्टिकची ताणशक्ती साधारण 40 मेगापास्कल असते. 1.7 आणि 40 या आकड्यांतले अंतर पाहून दांडा उगाच जाड केला असे कोणालाही वाटेल. पण 40 हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तुकडा यंत्रात धरून मिनिटा-दोन मिनिटांत ओढून तोडला, तेव्हा मिळालेला. कुंडी मात्र वर्षानुवर्षे लटकत राहते, आणि सततच्या ओझ्याखाली प्लास्टिक मुंगीच्या पावलांनी सरकत, लांबत जाते. याला ‘क्रीप’ म्हणतात. कायमच्या ओझ्यासाठी अशा प्लास्टिकच्या ताणशक्तीचा चौथा हिस्साच हाताशी धरावा, म्हणजे उरले 10. उन्हात तापलेले प्लास्टिक आणखी नरम होते, आणि घरच्या प्रिंटरवरचा प्रत्येक तुकडा सारखा उतरत नाही. या दोन्हींसाठी आणखी निम्मे सोडले की उरतात 5 मेगापास्कल. सुरक्षेची मोकळीक म्हणतात ती ही. ती अंदाजाने लावलेली भर नसून, तिच्यातल्या प्रत्येक कपातीमागे ठरावीक कारण आहे. म्हणूनच ‘आमचा ब्रॅकेट 40 किलो पेलतो’ अशा मिनिटभराच्या चाचण्यांना फारसा अर्थ नसतो. 40 किलो मिनिटभर पेलणारा ब्रॅकेट सहा किलो चार वर्षे पेलेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

या 5 मेगापास्कलच्या मर्यादेला सगळ्यात मोठे भगदाड पडते ते तुकडा प्रिंटरच्या पाटावर चुकीच्या दिशेने ठेवल्यामुळे. प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक दोरी नोझलमधून सोडत एकावर एक थर रचतो. थराच्या आत ही दोरी सलग असते, पण वरचा थर खालच्या थंड होत आलेल्या थराला फक्त चिकटलेला असतो. लाकूड जसे रेषांच्या दिशेने सहज फाटते आणि आडवे तोडायला जड जाते, तसेच हे आहे. थरांमधल्या सांध्याची ताकद थरातल्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास धरलेली बरी, छपाई वाईट असेल तर त्याहूनही कमी. उभी पट्टी पाटावर आडवी ठेवून दांडा वर उभा छापला, तर दांड्याचा प्रत्येक थर त्याच्या लांबीला आडवा येतो आणि वाकण्याचा सगळा ताण थर एकमेकांपासून सोडवायच्या कामी लागतो. मग 5 मेगापास्कलचे अडीच होतात. असा दांडा तुटतो तोही एका झटक्यात, आणि तुटलेली बाजू सपाट, गुळगुळीत दिसते. तुकडा पाहूनच छापण्याची दिशा चुकली होती हे कळते.

त्याऐवजी ब्रॅकेट कुशीवर आडवा ठेवावा. म्हणजे कागदावर त्याची बाजूची आकृती काढावी तशी ती पाटावर उमटते आणि प्रत्येक थरात पट्टी, कोपरा आणि दांडा हे तिन्ही एकत्र येतात. प्लास्टिकची दोरी पट्टीवरून कोपऱ्यातून वळून दांड्यावर न तुटता जाते. या दिशेची किंमतही आहे. वाऱ्याने कुंडी डावी-उजवीकडे जोरात झुलली तर तो धक्का थरांच्या कमकुवत बाजूला बसतो, म्हणून दांड्याची रुंदी 20 मिलिमीटरपेक्षा कमी करू नये. दुसरी गोष्ट स्क्रूची. निमुळत्या डोक्याचा स्क्रू घट्ट आवळला की पाचरीसारखा थरांत घुसून ते उकलतो. इथे सपाट डोक्याचा स्क्रू आणि त्याखाली रुंद वॉशर वापरणे बरे. भिंतीकडची पट्टी 20 मिलिमीटर जाड आणि 100 मिलिमीटर उंच ठेवून वरचा स्क्रू दांड्याच्या शक्य तितका जवळ घ्यावा. तो लांब गेला, तर दांडा वाचूनही पट्टी वाकते.

दांडा आतून भरीव धरून केलेला हिशेब इथे दुरुस्त करावा लागतो, कारण छापलेला तुकडा क्वचितच भरीव असतो. बाहेर काही फेऱ्यांची भिंत आणि आत जाळीदार भराव, ज्याला ‘इनफिल’ म्हणतात, अशी त्याची रचना असते. मजबुती हवी म्हटले की नवखा माणूस इनफिल 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेतो. पण वाकताना मधला भाग निवांत असतो, ओझे कडेच्या प्लास्टिकवरच येते. त्यामुळे तेच प्लास्टिक भिंतीत घातले तर जास्त उपयोगी पडते. नेहमीच्या 0.4 मिलिमीटर नोझलने भिंतीची एक फेरी सुमारे 0.45 मिलिमीटर जाड होते. सर्वसाधारण सेटिंगमधल्या दोन फेऱ्या आणि वर-खाली चार-चार थर ठेवले, तर आतला भराव न धरता दांड्याची मजबुती भरीव दांड्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच उरते. सहा फेऱ्या आणि वर-खाली 12-12 थर दिले, तर ती निम्मी भरते. कुशीवर छापताना भिंतीच्या या फेऱ्या नेमक्या दांड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेने, ताणाच्या दिशेतच धावतात. इनफिल मग 30-40 टक्के पुरे. त्याचे मुख्य काम या भिंती एकमेकींपासून ढळू न देणे, एवढेच. म्हणजे 1.7 मेगापास्कलचा ताण प्रत्यक्षात 3.4 च्या आसपास जातो.

अजून कोपरा उरला. काटकोनी कोपऱ्यात ताणाला वळायला जागा मिळत नाही. तो तिथे गोळा होतो आणि आजूबाजूच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. चीर पडायला तेवढे पुरते. कोपऱ्यात गोलाई दिली, जिला रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिलेट’ म्हणतात, तर ताण हळूहळू वळतो. 40 मिलिमीटर उंच दांड्याला 8 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली की ही वाढ साधारण 1.4 पटीवर येते. 3.4 चे झाले 4.8 च्या आसपास, म्हणजे 5 च्या आत, पण जेमतेम. दोन मिलिमीटरची शोभेची गोलाई दिली असती तर हिशेब फसला असता. तुकडा कुशीवर छापल्यामुळे गोलाईला वेळही फारसा लागत नाही आणि आधारही लागत नाही. मात्र ती योग्य कोपऱ्याला द्यायला हवी. कुंडीच्या ब्रॅकेटमध्ये तो वरचा कोपरा. पुस्तकांच्या फळीखाली लागणाऱ्या, पट्टी खाली उतरलेल्या ब्रॅकेटमध्ये आतला कोपरा दबतो आणि ताण वरच्या बाजूला, स्क्रूच्या भोवती जातो. तिथे आतल्या कोपऱ्याला कितीही देखणी गोलाई दिली तरी ती मुख्य धोक्यावरचा उपाय ठरत नाही.

प्लास्टिक कोणते, हे ताकदीच्या तक्त्यावरून ठरवले तर हमखास पीएलए निवडले जाते. ते छापायला सोपे, स्वस्त, आणि कागदावर एएसएपेक्षा मजबूत. पण साधारण 60 अंशांना ते नरम पडते, आणि त्याआधीही सततच्या ओझ्याखाली वाकत जाते. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या रंगाचा ब्रॅकेट हवेपेक्षा बराच जास्त तापतो. तिथे पीएलए लावायलाच नको. पीईटीजी 80 अंशांच्या आसपासपर्यंत टिकते, त्याचे थर चांगले जुळतात आणि ते चटकन तडकत नाही. घरातल्या कामाला ते उत्तम. बाहेर उन्हासाठी एएसए, कारण ते 100 अंशांच्या आसपास नरम होते आणि एबीएसमधले जे रबर उन्हाने खराब होते त्याऐवजी त्यात उन्हाला टिकणारे रबर असते. मात्र ते छापताना आकसते, त्यामुळे बंद पेटीचा प्रिंटर आणि खोलीत हवा खेळती हवी. नायलॉन चिवट असले तरी ओलावा शोषून नरम होते. कोकणातल्या पावसाळ्यात त्याच्यावर टांगती कुंडी सोपवू नये. फिलामेंट कोणतेही असो, दमट हवेत उघडे राहिले असेल तर छापण्याआधी वाळवून घ्यावे. नोझलमधून चटचट आवाज आला किंवा भिंतीवर बारीक फोड दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

तयार ब्रॅकेट आधी जमिनीलगत तपासावा. तो लाकडी फळीवर बसवून त्याला बादली टांगावी आणि तीत पाणी ओतावे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. 18 लिटर, म्हणजे कुंडीच्या तिप्पट, ओझे एक दिवस ठेवून टोक किती खाली आले ते पट्टीने मोजावे. सुरुवातीला ते थोडे खाली येणारच. तासाभरानंतरही ते दिसण्याइतके सरकत असेल, तर दांड्याची उंची वाढवावी. वरच्या कोपऱ्यात पांढरट डाग उमटला किंवा थरांच्या रेषेवर केसासारखी चीर दिसली तर तो तुकडा बाद. भिंतीवर बसवल्यानंतरही दर उन्हाळ्याच्या शेवटी हा कोपरा पाहावा. खाली रस्ता किंवा माणसांची ये-जा असेल तर कुंडीपासून भिंतीतल्या वेगळ्या हुकापर्यंत बारीक स्टीलची तार सैल बांधून ठेवावी. तिचा स्क्रू ब्रॅकेटच्या स्क्रूंपासून वेगळा असावा.