शुद्धिपत्रक: कोणता कागद खरा?

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीचं उदाहरण घेऊ. समजा, परिपत्रक क्र. 14 मध्ये दुसरी पाळी दुपारी 3.00 ऐवजी 3.30 ला सुरू होईल, असं चुकून छापलं गेलं. अशा वेळी बरेचदा काय होतं, तर आकडा बदलून तोच क्रमांक, तीच तारीख ठेवून नवा कागद लावला जातो. मग गेटवर एक, मोल्डिंग विभागात दुसरा. दोन्ही क्र. 14. कामगारानं कोणता मानायचा?

आपल्याकडे शासन निर्णयाचं शुद्धिपत्रक निघतं, त्याची रीत इथे उपयोगी पडते. शुद्धिपत्रकाला स्वतःची तारीख असते, आणि मूळ कागदाचा संदर्भ वर दिलेला असतो. मजकूर एवढाच: "परिपत्रक क्र. 14, परिच्छेद 2 मधील 'दुपारी 3.30' ऐवजी 'दुपारी 3.00' असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम राहील." हे शेवटचं वाक्य गाळलं, की बाकीचं परिपत्रक रद्द झालं का, अशी शंका निघते. फलकावर दोन्ही कागद शेजारी लावावेत आणि जुन्यावर "शुद्धिपत्रक पाहा" असं लिहावं.

मात्र शुद्धिपत्रक फक्त लेखनातल्या चुकीसाठी असतं. निर्णयच बदलला असेल, किंवा दुसरी चूक सापडली, तर शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक काढू नये. आधीचे कागद अधिक्रमित करणारं नवं, पूर्ण परिपत्रक काढावं.

आणि शुद्धिपत्रक लागण्याआधी छापील वेळ पाहून 3.30 ला आलेल्याचा अर्धा तास कापायचा नाही, हेही त्यातच लिहावं.