ऑफिसचा चित्रपट : आधी नकार, मग मतदान

ऑफिसच्या संध्याकाळसाठी चित्रपट निवडताना मतदान घेतले, तर बहुमत जिंकते आणि उरलेले काहीजण दोन तास अवघडून बसतात. घरी न आवडलेला चित्रपट बंद करता येतो. साहेब शेजारी असताना उठून जाणे सोपे नसते. म्हणून आधी नकार गोळा करावेत, मतदान नंतर.

समजा, चोवीस जणांचा विभाग आहे. वय बावीस ते अठ्ठावन्न, त्यांतल्या सहाजणांना मराठी येत नाही. सुचवलेली नावे चार: ‘सैराट’, ‘थ्री इडियट्स’, ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. प्रत्येकाने नको असलेल्या नावावर चिठ्ठीत फुली मारायची. नाव लिहायचे नाही, कारणही नाही. कारण विचारले की फुल्या थांबतात. घरातले दुःख किंवा जातीचा अनुभव कोणी ऑफिसात सांगत बसत नाही.

‘सैराट’ (2016) उत्तम आहे, पण जवळजवळ तीन तासांचा, आणि त्याच्या शेवटानंतर लगेच जेवणाच्या टेबलाकडे वळणे जड जाते. ‘थ्री इडियट्स’ (2009) सर्वांना चालेल असे वाटते. त्यात मात्र विद्यार्थ्याची आत्महत्या आहे आणि भाषणाच्या प्रसंगात बलात्कार या शब्दावर बेतलेला विनोद आहे. घरी हसून सोडलेला हा प्रसंग सहकाऱ्यांत बसून खटकतो. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून हे कळत नाही. ते प्रेक्षकाच्या वयाचे सांगते, शेजारी कोण बसले आहे याचे नाही. त्यामुळे निवडलेला चित्रपट एकाने तरी अलीकडे, याच नजरेने, पूर्ण पाहिलेला असावा. जुन्या आठवणीवर विसंबू नये.

‘बनवाबनवी’ (1988) मराठी माणसाला पाठ असते, आणि इथे तीच अडचण होते. अठराजण संवाद येण्याआधीच हसतात, सहाजण सबटायटल्समध्ये विनोद शोधत राहतात.

उरतो परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009). 1913 साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ दादासाहेब फाळक्यांनी कसा घडवला, त्याची ही गोष्ट. विनोद बराचसा डोळ्यांना दिसणारा आहे: बायकांची कामे करणाऱ्या पुरुषांना मिशा काढायला लावणे कोणत्याही भाषेत कळते. लांबी साधारण दीड तास. सहाला सुरू केला तर आठच्या आत लोक लोकल पकडायला मोकळे. थरार हवा असणाऱ्या तरुणांना तो संथ वाटेल, हे मान्य करावे. संथपणाचा त्रास अपमानाइतका होत नाही.

ओटीटीचे सभासदत्व सहसा वैयक्तिक वापरापुरते असते, तेव्हा ऑफिसात दाखवण्यासाठी हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी. आणि इंग्रजी सबटायटल्स मागच्या रांगेतून वाचता येतात का, हे आदल्या दिवशी त्याच पडद्यावर पाहून घ्यावे.