‘आयएसटी’ कोणाची? सीमापार बैठकांच्या वेळा आणि मार्चमधील तीन आठवडे

नवी दिल्ली, ५ मार्च : अमेरिकेतील बहुतांश राज्यांत येत्या रविवारी, ८ मार्च २०२६ रोजी, घड्याळे एक तास पुढे सरकतील. युरोपात हाच बदल २९ मार्चला होईल. भारतात घड्याळांना कोणी हात लावणार नाही. देशात अशी ‘उन्हाळी वेळ’ पाळली जात नाही. मात्र परदेशी सहकाऱ्यांसोबत काम करणाऱ्या पुणे, बेंगळुरू किंवा हैदराबादमधील चमूंच्या दृष्टीने दरम्यानचे तीन आठवडे वर्षातील सर्वाधिक गोंधळाचे असतात. ठरलेल्या बैठकीला कोणी तासभर आधी येऊन बसतो, तर कोणी ती संपल्यावर पोहोचतो. बहुतेकदा दोष कोणाच्या घड्याळाचा नसतो. निमंत्रणात वेळ कशी लिहिली होती, यात तो दडलेला असतो.

पुणे, डब्लिन आणि न्यूयॉर्क येथील तीन चमूंची दर मंगळवारी होणारी बैठक उदाहरणादाखल घेता येईल. ती न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला ठरली आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क जागतिक समन्वित वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, पाच तास मागे असते. डब्लिन नेमके यूटीसीवर असते आणि भारत साडेपाच तास पुढे. त्यामुळे डब्लिनमध्ये तेव्हा दुपारचे अडीच आणि पुण्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात.

१० मार्चच्या मंगळवारी न्यूयॉर्कमध्ये बैठक साडेनऊलाच असेल. पण ते शहर आता यूटीसीच्या चारच तास मागे असल्याने डब्लिनमध्ये दीड आणि पुण्यात सायंकाळचे सात वाजलेले असतील. २९ मार्चनंतर डब्लिनचे घड्याळही पुढे जाईल आणि तेथे बैठक पुन्हा अडीचला होऊ लागेल. पुण्यात मात्र ती सातलाच राहील, थेट नोव्हेंबरपर्यंत. थोडक्यात, डब्लिनकरांना हा बदल केवळ तीन मंगळवार जाणवतो, पुणेकरांना जवळपास आठ महिने आणि न्यूयॉर्ककरांना मुळीच नाही. बदलाची सूचना देण्याचे न्यूयॉर्कमधील आयोजकाला अनेकदा सुचत नाही, त्याचे कारण हेच.

याच पुण्यातील चमूची डब्लिनशी आणखी एक बैठक असेल, तर अडचण वाढते. समजा, ती मंगळवारीच डब्लिनच्या वेळेनुसार दुपारी दीडला ठरली आहे. हिवाळ्यात ती पुण्यात सायंकाळी सातला सुरू होते आणि आठच्या बैठकीआधी आटोपते. एप्रिलपासून ती सहाला होईल आणि न्यूयॉर्कची बैठक सातला. म्हणजे तेव्हाही अडचण नाही. परंतु १०, १७ आणि २४ मार्च या तीन दिवशी दोन्ही बैठका पुण्यात सातच्या ठोक्याला एकमेकींवर आदळतात. जानेवारीत वेळापत्रक आखताना हे दिसत नाही.

म्हणूनच आवर्ती बैठक ठरवताना किती वाजता याइतकाच, ‘कोणत्या शहराच्या घड्याळाने’ हा प्रश्नही स्पष्टपणे विचारला जायला हवा. ज्या शहराला बैठक बांधलेली असेल, तेथील वेळ स्थिर राहते आणि इतरांची हलते. पुण्याची रात्री आठची वेळ स्थिर धरली, तर १० मार्चपासून न्यूयॉर्कमध्ये बैठक साडेदहाला होईल. दोन्ही पद्धती योग्यच आहेत. फक्त कोणती निवडली, हे निमंत्रणात लिहिलेले असावे.

संगणकीय कॅलेंडर हे काम बिनचूक करते, पण टाइम झोन योग्य निवडला असेल तरच. या नोंदींत शहरांवरून पडलेली नावे वापरली जातात: `Asia/Kolkata`, `Europe/Dublin`, `America/New_York`. प्रत्येक नावामागे त्या प्रदेशाचे घड्याळबदलाचे नियम जोडलेले असतात आणि एखाद्या सरकारने नियम बदलले, की ही सूची अद्ययावत केली जाते. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश भागांतील उन्हाळी वेळ रद्द केली, तेव्हा असेच झाले. निमंत्रणात शहराचे नाव असेल, तर प्रत्येक मंगळवारची वेळ त्या त्या तारखेच्या नियमाने काढली जाते. बैठक कोणत्या शहराला बांधली आहे, हे ताडून पाहण्याची सोपी खूण आहे. कॅलेंडरमध्ये ३ मार्च आणि १० मार्चचे मंगळवार उघडून पाहावेत. पुण्यातील वेळ आठवरून सातवर आलेली दिसली, तर बैठक न्यूयॉर्कला बांधलेली आहे. आठवरच राहिली, तर ती डब्लिनला किंवा भारतातील वेळेला बांधलेली आहे.

ईमेल किंवा संदेशातील मजकुराला मात्र ही सोय नाही. तो लिहिला तसाच राहतो आणि तेथे आद्याक्षरांवर विसंबणे महागात पडते. ‘आयएसटी’ हे याचे ठळक उदाहरण. भारतीय प्रमाणवेळ, इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची प्रमाणवेळ या तिन्हींची इंग्रजी आद्याक्षरे तीच आहेत. त्यात आयर्लंडची गंमत अशी, की १९६८ च्या कायद्याने ठरलेली तेथील ‘प्रमाणवेळ’ ही प्रत्यक्षात उन्हाळ्यातली वेळ आहे. हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे घेण्याची तरतूद १९७१ मध्ये करण्यात आली. परिणामी हिवाळ्यात डब्लिनकरांना ‘आयएसटी’ स्वतःची वाटण्याचे कारण नसते, पण २९ मार्चनंतर असते. पुण्याहून एप्रिलमध्ये ‘दुपारी चार आयएसटी’ असा निरोप गेला, तर पुणेकरांच्या मनातली वेळ डब्लिनमध्ये सकाळची साडेअकरा असते. डब्लिनमधील सहकारी मात्र स्वतःच्या चार वाजता, म्हणजे पुण्यात रात्री साडेआठ वाजता, हजर होईल. साडेचार तासांचा फरक, आणि निरोप दोघांच्याही लेखी बरोबर.

अमेरिकी ‘ईएसटी’ अधिक फसवी आहे, कारण तिची चूक एकाच तासाची असते आणि सहज खपून जाते. काटेकोर अर्थाने ही पूर्व अमेरिकेची हिवाळी वेळ आहे. उन्हाळ्यात ती ‘ईडीटी’ होते. तेथील अनेक जण मात्र सवयीने बारा महिने ‘ईएसटी’च लिहितात. जुलैमध्ये ‘सकाळी दहा ईएसटी’ असे लिहून आले आणि भारतातील कोणी ते शब्दशः रूपांतरित केले, तर उत्तर रात्री साडेआठ येते. लिहिणाऱ्याला अभिप्रेत असते साडेसात. बैठकीत कोणी नियमाने तासभर उशिरा येऊ लागला, तर त्याच्या आळसाआधी ही आद्याक्षरे तपासणे बरे.

लेखी निरोपात आद्याक्षरांऐवजी वार, पूर्ण तारीख, प्रत्येक शहराची वेळ आणि यूटीसीपासूनचे अंतर दिले, की वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. वरील बैठकीचा निरोप असा होईल: ‘मंगळवार, १० मार्च २०२६. न्यूयॉर्क सकाळी ९.३० (यूटीसी उणे ४), डब्लिन दुपारी १.३० (यूटीसी), पुणे सायंकाळी ७.०० (यूटीसी अधिक ५.३०). पुढील बैठकांची वेळ न्यूयॉर्कनुसार.’ अंतर लिहिण्याचा फायदा असा, की कोणी हिशेबात चुकले असेल, तर ती चूक इतरांच्या लगेच लक्षात येते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी बोलायचे असेल, तर वार आणि तारीखही दोन्हीकडची द्यावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उन्हाळ्यातील सोमवारी रात्री आठ वाजलेले असताना भारतात मंगळवारचे सकाळचे साडेआठ झालेले असतात.

वर्षाअखेरीस क्रम उलटतो. युरोपातील घड्याळे २५ ऑक्टोबरला मागे येतील, अमेरिकेतील १ नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात, २७ ऑक्टोबरच्या मंगळवारी, पुण्यातील त्या दोन बैठका पुन्हा एकदा सात वाजता समोरासमोर येतील. ३ नोव्हेंबरपासून न्यूयॉर्कची बैठक परत आठवर जाईल.